मरून म्हणण्याआधी: जवळजवळचे लाल रंग वेगळे करून शब्दांत सांगण्याची पद्धत

साडी लाल, ब्लाउजपीस लाल, आणि घरी आणून शेजारी ठेवले की दोन्ही एकमेकांशी भांडतात. चूक बहुतेक वेळा दुकानदाराची नसते, सांगण्याची असते. फोनवर ‘मरून’ म्हटलं जातं आणि ऐकणारा त्याच्या डोक्यातला मरून काढून देतो. मराठीत सध्या मरून हा शब्द गडद दिसेल त्या प्रत्येक लालाला लावला जातो, आणि उजळ दिसेल त्या प्रत्येक लालाला नुसतं ‘लाल’ म्हणतात. मधल्या छटा कुठेच बसत नाहीत.

इथे चार इंग्रजी नावं धरून चाललो आहोत, कारण कॅटलॉगमध्ये आणि शेडकार्डवर तीच असतात: व्हर्मिलियन, स्कार्लेट, क्रिमसन आणि मरून. मराठीत त्यांना अनुक्रमे हिंगुळी, गुंजेचा लाल, किरमिजी आणि मरून म्हणता येईल. नावं पाठ करून उपयोग नाही. कापड समोर ठेवून कोणता प्रश्न आधी विचारायचा, ते पक्कं व्हायला हवं. सगळी गफलत क्रमातच आहे: लोक आधी गडदपणा ठरवतात आणि झाक नंतर बघतात. हा क्रम उलटा करायचा.

## तयारी: चार वस्तू आणि एक पुठ्ठा

रंग आठवणीतून सांगू नका. आठवणीतला लाल प्रत्यक्षापेक्षा जास्त भडक होतो. तुलनेसाठी हाताशी खऱ्या वस्तू ठेवा. खानदेशात त्या सहज मिळतात.

गुंज. काळ्या ठिपक्याची, लाल भागाची. हा स्कार्लेटचा सगळ्यात भरवशाचा नमुना, कारण गुंजेचा रंग वर्षानुवर्षं डबीत राहून फारसा हलत नाही. सराफांच्या जुन्या वजनांत गुंज होती, त्यामुळे जुन्या घरांत अजून सापडते. गुंज चावली तर विषारी आहे; डबी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

सुकी लाल मिरची. नंदुरबारच्या पथारीवर वाळलेली असेल तर उत्तम. कुटलेली नको, अख्खी हवी.

केळफूल. रावेर-यावलकडच्या माणसाला हे सांगायला नको. बाहेरची पाकळी आणि तिची आतली बाजू, दोन्ही लागतील. ताजंच घ्या, दुसऱ्या दिवशी ते काळवंडतं.

चिंचोका. घासून चकचकीत केलेला. तो तपकिरी आहे, लाल नाही. पण त्याच्याशिवाय मरून समजत नाही, ते पुढे येईलच.

शेंदूर या यादीत मुद्दाम नाही. पारंपरिक शेंदूर शिशाचा ऑक्साइड असतो, तो हाताळायचा पदार्थ नव्हे. देवळातल्या मारुतीकडे बघून त्याचा रंग लक्षात ठेवला तरी पुरे. कुंकूही घेऊ नका. बाजारात कुंकू गुलाबीकडे झुकणाऱ्या लालापासून जवळजवळ तपकिरीपर्यंत काहीही मिळतं, आणि ओलं झालं की आणखी गडद होतं. ‘कुंकवासारखा लाल’ असं लिहिलं तर प्रत्येक वाचक आपापल्या करंड्याकडे बघेल.

पुठ्ठा राखाडी हवा, साधारण वहीच्या पानाएवढा. मधोमध दोन सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडा. कापडावर ठेवला की भोकातून फक्त कापड दिसतं. जरीचा काठ, शेजारची साडी, टेबलाचा सनमायका यातलं काहीच नाही. राखाडी मिळाला नाही तर पांढरा चालेल, पण पांढऱ्यावर प्रत्येक लाल असतो त्यापेक्षा गडद वाटतो हे लक्षात ठेवा.

> तपासणी: पुठ्ठ्याच्या भोकातून गुंज बघा, मग पुठ्ठा काढून तीच गुंज हिरव्या पानावर ठेवून बघा. पानावर ती जास्त पेटलेली दिसेल. दिसली, तर पुठ्ठा का हवा ते कळलं.

## टप्पा १. उजेड नीट करा

लाल रंग ओळखताना उजेड सहज फसवतो. पिवळट बल्बखाली किरमिजीची निळसर झाक निघून जाते आणि तो साधा गडद लाल दिसतो. स्वस्त एलईडी दिव्यांत खोल लाल रंगाचा भाग कमी असतो; त्याखाली चांगला लालसुद्धा मळकट तपकिरी वाटतो. आणि उन्हाळ्यात बाजारपेठेत दुकानांपुढे जी हिरवी शेडनेट ताणतात, ती सगळ्यात वाईट. तिच्यातून येणारा उजेड हिरवट असतो, लाल कापडाला परतवायला त्यात लाल उरतच नाही. नेटखाली उभं राहून पाहिलेला प्रत्येक लाल मरूनकडे सरकतो.

म्हणून कापड घेऊन सावलीच्या, पण उघड्या जागी या. सकाळी नऊ ते अकरा किंवा दुपारी चारच्या सुमारास ओटा, गच्चीची सावली, उत्तरेची खिडकी. थेट उन्हात नको. रेशमावर चकाकी येते आणि रंगाऐवजी ऊनच दिसतं. शेजारी रंगवलेली भिंत असेल तर दोन-तीन हात लांब उभं राहा. संध्याकाळी दिवेलागणीला तर हे काम करूच नका. अंधारू लागलं की लाल रंग सगळ्यांत आधी काळा पडतो, त्याच वेळी निळे-हिरवे मात्र ठीक दिसत असतात.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. दुकानदार एकामागून एक दहा लाल साड्या उलगडतो, तेव्हा चौथ्या-पाचव्या साडीपर्यंत डोळा लालाला थकलेला असतो आणि पुढची प्रत्येक साडी फिकी, मातकट वाटते. दर दोन कापडांनंतर अर्धा मिनिट राखाडी पुठ्ठ्याकडे किंवा बाहेर रस्त्याकडे बघा.

> सावध: काही पुरुषांना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, आणि त्यांतल्या अनेकांना ते माहीतही नसतं. सुकी मिरची आणि चिंचोका शेजारी ठेवल्यावर दोन्ही एकाच रंगाचे वाटत असतील तर रंग ठरवण्याचं काम घरातल्या दुसऱ्या माणसावर सोपवा.

## टप्पा २. आधी झाक ओळखा

झाक म्हणजे लाल कोणत्या शेजाऱ्याकडे झुकला आहे ते. लालाला दोनच शेजारी आहेत: एका बाजूला नारिंगी, दुसऱ्या बाजूला जांभळा. मधोमध उभा असलेला निव्वळ लाल कापडात क्वचितच सापडतो. त्यामुळे पहिला प्रश्न एवढाच: नारिंगीकडे की जांभळ्याकडे?

नुसतं बघत बसलात तर उत्तर मिळत नाही. लाल एकटा असला की डोळा त्यालाच मधला लाल धरून बसतो. तुलना हवी. पुठ्ठ्याच्या भोकाशेजारी गुंज ठेवा आणि विचारा: गुंजेच्या मानाने हे कापड नारिंगी वाटतं की गुलाबी-जांभळं? गुंज स्वतः किंचित नारिंगीकडे आहे. कापड तिच्यापेक्षाही नारिंगी वाटलं तर हिंगुळी किंवा शेंदरी. तिच्यासारखंच वाटलं तर स्कार्लेट. तिच्याशेजारी कापड एकदम ‘थंड’, डाळिंबाच्या दाण्यासारखं दिसायला लागलं तर किरमिजी.

उलटी चाचणीही घ्या. त्याच कापडाशेजारी केळफुलाच्या पाकळीची आतली बाजू धरा. ती किरमिजी आहे. तिच्याशेजारी कापड नारिंगी वाटत असेल आणि गुंजेशेजारी जांभळट वाटत असेल, तर कापड दोघांच्या मध्ये आहे. तसं असेल तर तसंच लिहा. ओढून-ताणून एका नावात बसवू नका.

झाक तरीही कळत नसेल तर कापड पातळ करा. पदराच्या टोकाचा एखादा सुटा धागा ओढून पांढऱ्या कागदावर ठेवा. धागा एकेरी झाला की त्यातून कागदाचा पांढरेपणा मिसळतो आणि लपलेली झाक वर येते: हिंगुळीचा धागा पिकल्या आंब्याच्या सालीच्या लालीसारखा, किरमिजीचा गुलाबासारखा, मरूनचा मळकट गुलाबी किंवा विटकरी. रंगकाम करणारे हेच पांढरा मिसळून करतात. एक थेंब रंग, दहा थेंब पांढरा, आणि झाक लपूच शकत नाही.

हिंगुळी आणि शेंदरी यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण भाषांतरात इथे हमखास घोळ होतो. व्हर्मिलियन हे हिंगुळाचं, म्हणजे पाऱ्याच्या सल्फाइडचं नाव. शेंदूर शिशाचा. शेंदूर उघड नारिंगी आहे. हिंगूळ त्याच्या मानाने लाल, नारिंगी झाक असलेला. हिंगूळ जितका बारीक दळाल तितका नारिंगीकडे जातो, जाडा राहिला तर खोल लाल दिसतो, म्हणून त्याचा एकच ठरलेला रंग सांगता येत नाही. पण व्हर्मिलियनला सरसकट ‘शेंदरी’ लिहिलं तर वाचकाला मारुती दिसतो, आणि मूळ कापड त्याहून बरंच लाल असतं. ‘हिंगुळी’ शब्द आता फार कानावर येत नाही, हे खरं. मग ‘शेंदरीकडे झुकणारा लाल’ लिहा. चार शब्द गेले तरी चालतील.

किरमिजीच्या बाबतीत उलट अडचण. शब्द योग्य आहे, क्रिमसनशी त्याचं मूळही एकच: दोन्ही ज्या किड्यापासून हा रंग काढत त्या किड्याच्या नावावरून आलेले. पण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना किरमिजी म्हणजे जांभळा वाटतो, काहींना तपकिरी. म्हणून तो एकटा सोडू नका. ‘किरमिजी, डाळिंबाच्या दाण्यासारखा’ असं लिहा. दाण्यासारखा, सालीसारखा नव्हे: कसमादे पट्ट्यातून आपल्याकडे येणाऱ्या भगवा जातीच्या डाळिंबाची साल केशरी लाल असते आणि दाणे गडद किरमिजी. नुसतं ‘डाळिंबी’ लिहिलं तर कुणी सालही धरेल. आणि गणेश जातीचे दाणे तर फिके गुलाबी.

> तपासणी: या टप्प्याअखेर तुमच्या कागदावर फक्त एक शब्द हवा: ‘नारिंगीकडे’, ‘जांभळ्याकडे’ किंवा ‘मधला’. रंगाचं नाव अजून लिहायचं नाही. लिहिलं असेल तर खोडा.

## टप्पा ३. मग गडदपणा

आता सुकी मिरची आणि केळफूल शेजारी ठेवा. मिरचीची बाहेरची साल आणि केळफुलाची बाहेरची पाकळी घ्या. दोन्ही गडद. दोघांनाही फोनवर कुणीही मरूनच म्हणेल. आता मिरची उजेडासमोर धरा, सालीतून उजेड आरपार येऊ द्या. ती नारिंगी-लाल पेटते. ती गडद झाली आहे सुकून, आकसून. तिची झाक ओल्या मिरचीचीच राहिली आहे. केळफुलाची पाकळी उलटी करा. आतून किरमिजी निघते. म्हणजे तिच्या गडदपणाखाली जांभळी झाक आहे.

एवढं दिसलं की मरूनचा गोंधळ सुटतो. ‘मरून’ नावाखाली तीन वेगळे रंग विकले जातात. पहिला मिरचीचा गडद: लाल, पण उबदार, विटकरीकडे जाणारा. दुसरा केळफुलाचा गडद: खरं तर गर्द किरमिजी, ज्याला हल्ली वाइन म्हणतात आणि आपल्या आज्या आमसुली म्हणत. तिसरा खरा मरून. मरून हा शब्द फ्रेंचमधून आला, तिथे तो एका तपकिरी फळाचं, चेस्टनटचं नाव आहे. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळ चिंचोका. खऱ्या मरूनमध्ये लालाखाली हा चिंचोक्याचा तपकिरीपणा असतो. कापडाशेजारी चिंचोका ठेवला आणि दोघांचं नातं लागलं, तर मरून म्हणा. चिंचोका परका वाटला, तर कापड कितीही गडद असो, मरून म्हणू नका.

गडदपणा आधी ठरवला की काय होतं तेही इथेच कळतं. गडद कापडात झाक कमी दिसते. डोळा ‘गडद’ म्हणून मोकळा होतो, तोंडात ‘मरून’ येतो, आणि झाकेचा प्रश्न विचारलाच जात नाही.

गडदपणा सांगताना पायऱ्या मोजा. कापड गुंजेएवढं उजळ असेल तर ‘उजळ’, ओल्या लाल मिरचीएवढं असेल तर ‘मध्यम’, सुक्या मिरचीएवढं असेल तर ‘गडद’, चिंचोक्याएवढं असेल तर ‘गर्द’. चार पायऱ्या पुरतात. ‘थोडासा डार्क’ याला काही अर्थ नाही, कारण कशापेक्षा थोडासा ते ऐकणाऱ्याला माहीत नाही.

## टप्पा ४. तेज की मळ

हे लवकर उरकतं. त्याच गडदपणाचा, त्याच झाकेचा रंग चकचकीत असू शकतो किंवा मातकट. मातकट झालेल्या नारिंगी लालाला विटकरी म्हणतात, त्याहून मातकट झाला की गेरू. किरमिजीला मळ चढला की तो जुन्या गुलाबाच्या पाकळीसारखा दिसतो. ब्लाउजपीस निवडताना झाक आणि गडदपणा जुळूनही कापड ‘उठून दिसत’ असेल, तर बहुतेक वेळा फरक तेजाचा असतो. लिहिताना ‘तेजदार’ किंवा ‘मंद’ एवढं पुरे.

## टप्पा ५. कापडाचा पोत सांगा

रेशीम एका कोनातून उजळ, दुसऱ्या कोनातून गडद दिसतं. सुती टू बाय टू रुबिया कुठूनही सारखीच. म्हणून रेशमी साडीचा रंग सांगताना घडीच्या वरच्या कडेचा आणि घडीच्या आतल्या बाजूचा, असे दोन गडदपणे लिहा. रुबियाचा तुकडा या दोहोंच्या मधल्या गडदपणाचा घेतला तर अंगावर जुळतो.

धूपछाव साडीत तर उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या. उभे लाल, आडवे काळे असतील तर साडी लांबून मरून दिसते, पण तिच्यात तपकिरी काहीच नसतं. उभे लाल आणि आडवे जांभळे असतील तर किरमिजी दिसते. पदराचे सुटे धागे बघितल्याशिवाय अशा साडीला नाव देऊ नका. आणि नाव देताना दोन्ही धाग्यांचे रंग सांगा, मिसळलेला रंग सांगू नका.

## टप्पा ६. फोटो पाठवायचा असेल तर

फोटो शब्दांची जागा घेत नाही, पण सोबत लागतोच. फोनचा कॅमेरा भडक लालात हमखास चुकतो: लाल रंग पार वर जाऊन अडकतो, घड्या आणि पोत नाहीसे होतात, आणि हिंगुळी-स्कार्लेटमधला फरक पुसला जातो. स्क्रीनवर कापडाला बोट लावून उजेड थोडा कमी करा, मग फोटो घ्या. आणि साडीवर पांढऱ्या कागदाचा एक तुकडा ठेवूनच फोटो काढा. तो कागद तुमचा साक्षीदार.

फोटोतला रंग आकड्यांत वाचणारं कुठलंही अॅप असेल तर तीन आकडे मिळतात: R म्हणजे लाल, G म्हणजे हिरवा, B म्हणजे निळा. लालात R मोठाच असणार. बघायचं ते G आणि B कडे. G जास्त असेल तर झाक नारिंगीकडे, B जास्त असेल तर जांभळ्याकडे. वेबसाइटवर वापरल्या जाणाऱ्या प्रमाण यादीतले दोन रंग उदाहरणाला घ्या:

```
crimson  #DC143C  R 220  G 20  B 60
maroon   #800000  R 128  G 0   B 0
```

किरमिजीत B हा G पेक्षा चाळीसने वर आहे. झाक उघड आहे. पण स्क्रीनवरच्या मरूनमध्ये G आणि B दोन्ही शून्य, म्हणजे तो नुसता गडद केलेला लाल आहे, चिंचोका त्यात नाहीच. कापडाच्या शेडकार्डवरचा मरून आणि स्क्रीनवरचा मरून का जुळत नाही, याचं हे एक कारण. स्कार्लेट आणि व्हर्मिलियन त्या प्रमाण यादीत नाहीतच. इंटरनेटवर त्यांचे जे आकडे फिरतात ते ज्याचे-त्याचे. त्यांवर पैज लावू नका.

> सावध: आधी पांढऱ्या कागदाचे आकडे बघा. तिन्ही जवळपास सारखे नसतील तर फोटोचा उजेडच रंगीत आहे, साडीचे आकडे तसेच्या तसे वापरू नका.

## एक उदाहरण, सुरुवातीपासून

समजा साडी भुसावळला वहिनींकडे आहे आणि ब्लाउजपीस धुळ्याला नणंदबाई घेणार आहेत. रात्री फोटो गेला, सोबत निरोप: ‘मरून, गोल्डन काठ’. सकाळी मॅचिंग सेंटरमधून फोन.

“वहिनी, मरूनच ना नक्की? याच्याकडे मरूनमध्येच सहा तुकडे आहेत.”

“हो ताई, डार्क मरून.”

दोघीही खोटं बोलत नाहीत, पण या संवादातून काहीच कळत नाही. आता फोटो उघडू. कागदाचा आकडा येतो R २४०, G २३२, B २००. निळा बराच कमी. खोलीत पिवळा बल्ब होता. साडीचा आकडा R १५०, G ३०, B ३०. G आणि B सारखे, म्हणजे आकड्यांवरून झाक मधली, रंग गडद: मरून वाटणारच. पण कागद पांढरा आहे हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा तिन्ही आकडे कागदाच्या हिशोबाने सुधारून घेऊ. G ला २४० भागिले २३२ ने गुणलं की ३१ येतात. B ला २४० भागिले २०० ने गुणलं की ३६. आता B वर गेला. फरक पाचचाच आहे, आणि एवढ्या फरकावर निर्णय देऊ नये. पण झाक जांभळ्याकडे असू शकते, एवढा संशय यायला तो पुरेसा आहे. हिशोब असा ढोबळच असतो. दिवसा उजेडात बघणं त्याने टळत नाही.

सकाळी साडेनऊला साडी ओट्यावर. पुठ्ठ्याच्या भोकातून, शेजारी गुंज: गुंज एकदम नारिंगी वाटते, साडी थंड. केळफुलाची आतली पाकळी: नातं लागतं, साडी तिच्याहून गडद. चिंचोका: परका. पदराचा सुटा धागा पांढऱ्या कागदावर: गुलाबी, विटकरी नव्हे. काठाची जरी बाजूला काढून बघितली तेव्हा हे दिसलं. गडदपणा मिरचीएवढा, घडीच्या आत चिंचोक्याकडे जाणारा. उभे-आडवे धागे एकाच रंगाचे.

आता दुसरा निरोप:

“ताई, मरून नकोच. किरमिजी घ्या, डाळिंबाच्या गडद दाण्यासारखा, सुक्या मिरचीएवढा गडद. तपकिरी किंवा चॉकलेटी झाक अजिबात नको. राणीकडेही जायला नको. तेजदार आहे, मातकट नाही. तुकडा दुकानाबाहेर नेऊन बघा, बाहेर नेट लावलेली असेल तर नेटच्या पुढे.”

या निरोपात सहा तुकड्यांतले चार आपोआप बाद होतात. उरलेल्या दोनांत दुकानदार शेडकार्ड काढेल आणि नंबर सांगेल. तो नंबर लिहून घ्या, पण लक्षात असू द्या की शेडनंबर त्या कंपनीपुरता असतो. तोच नंबर भुसावळच्या दुकानात दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर वेगळा रंग निघतो.

## टप्पा ७. वाक्य कसं बांधायचं

वर्णनात पाच गोष्टी याच क्रमाने: नाव, ओळखीची वस्तू, गडदपणाची पायरी, तेज, आणि ‘काय नाही’. शेवटचा भाग लोक गाळतात, तोच सगळ्यात जास्त काम करतो. जवळचे दोन चुकीचे रंग नाव घेऊन बाद करा. किरमिजीसाठी मरून आणि राणी, हिंगुळीसाठी शेंदरी आणि विटकरी, स्कार्लेटसाठी हिंगुळी आणि किरमिजी, मरूनसाठी वाइन आणि चॉकलेटी.

ओळखीची वस्तू निवडताना ती कुठल्या अवस्थेतली ते सांगा. ओली मिरची की सुकी, डाळिंबाची साल की दाणा, केळफुलाची बाहेरची बाजू की आतली. अवस्था नसेल तर उपमा निकामी. ‘रक्तासारखा लाल’ हा त्याच कारणासाठी वाईट शब्दप्रयोग: ताजं आणि सुकलेलं रक्त यांच्यात स्कार्लेट ते तपकिरी एवढं अंतर आहे. ‘लालबुंद’, ‘लालभडक’ हे शब्द रंगाचा जोर सांगतात, झाक सांगत नाहीत. चेहऱ्याला ठीक आहेत, साडीला नाहीत. ‘तांबडा’ तर खानदेशात मातीपासून बैलापर्यंत सगळ्याला चालतो. रंग नेमका सांगायचा असेल तेव्हा तो टाळा.

> शेवटची तपासणी: वर्णन अशा माणसाला वाचून दाखवा ज्याने कापड पाहिलेलं नाही. त्याच्यासमोर गुंज, सुकी मिरची, केळफूल आणि चिंचोका ठेवा आणि विचारा, कापड कोणाच्या जवळ बसेल? त्याने चुकीच्या वस्तूवर बोट ठेवलं तर कापड पुन्हा बघू नका, वाक्य पुन्हा लिहा.

आणि साडी लग्नाची असेल, ब्लाउज शिवून बदलता येणार नसेल, तर एवढं सगळं करूनही पदराचे चार सुटे धागे कागदावर चिकटपट्टीने लावून धुळ्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्या. चिकटपट्टी धाग्यांच्या फक्त टोकांवर लावा. मधोमध लावली तर तिच्याखाली धागा गडद दिसतो, आणि काउंटरवर पुन्हा मरूनच निघतो.